आठवड्याला तीन तास आणि मोठा गेम: तुमच्या मेसेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दुकान बंद करता करता घाईत दोन ओळी पाठवायच्या नव्हत्या, म्हणून आज सकाळी सविस्तर लिहितो. तुम्ही विचारलं की जीटीए 5 संपला, आता वर्षभर पुरेल असा मोकळ्या जगाचा गेम पाहिजे, रेड डेड रिडेम्प्शन 2 आहे का. आहे. सेकंडहँड आहे, दोन्ही डिस्क स्वच्छ आहेत, 1,300 ला देईन. पण तुम्ही पुढं लिहिलं की रविवारी दुपारी दोन तास आणि बुधवारी रात्री पोरगी झोपल्यावर तासभर, एवढाच वेळ मिळतो. त्यामुळं तो डबा आज तुमच्या हातात द्यावासा वाटत नाही.

गेम मस्तच आहे. 2018 चा आहे, पण आजही त्याच्या तोडीचं जग फार थोड्या गेममध्ये सापडेल. नुसती गोष्ट धरली तरी पन्नासेक तास लागतात, म्हणजे तुमच्या हिशेबानं चार महिने. तेवढे महिने लागले तर लागू द्या, त्याचं काही नाही. अडचण आहे ती दर वेळी तीन-चार दिवसांनी परत बसण्याची. सुरुवातीचे दोनेक तास बर्फातच जातात, घोडा हळू, माणसं हळू, आणि मोकळं जग दुसऱ्या चॅप्टरला उघडतं. म्हणजे तुमचा पहिला रविवार तिथंच संपला. त्यात बटणं लई आहेत. समोर माणूस आला की L2 दाबून त्याच्याशी बोलता येतं, पण हातात बंदूक असली तर तेच L2 त्याच्यावर नेम धरतं. रोज खेळणाऱ्याच्या बोटांना हे सवयीचं होतं. तुम्ही मात्र मधले तीन-चार दिवस शाळा, पेपर तपासणी आणि वावरातला कापूस करून याल, चुकून गावातल्या सज्जन माणसावर बंदूक रोखाल आणि पुढचा अर्धा तास शेरिफपासून पळण्यात जाईल. शिवाय त्याला जवळपास 100 जीबी जागा लागते, आणि तुमचा पीएस4 500 जीबीचा आहे.

माझं मत ऐकाल तर घोस्ट ऑफ त्सुशिमा घ्या. 2020 चा, पीएस4 साठीच बनलेला. तुम्ही इतिहास शिकवता म्हणून सांगतो, कुबलाई खानाचं सैन्य 1274 साली जपानच्या त्सुशिमा बेटावर खरंच उतरलं होतं. गोष्टीतला जिन साकाई हा सामुराई काल्पनिक आहे, पण पार्श्वभूमी तीच. मुख्य गोष्ट साधारण 25 तासांची आणि सगळं बेट पालथं घालायचं म्हटलं तर 60 च्या घरात. तुमच्या तीन तासांनी 20 आठवडे होतात. दिवाळीत सुरू केला तर गुढीपाडवा येतो. मोठा गेम पाहिजे ही तुमची अट यात पुरी होते.

आता हाच का, ते सांगतो. यात गोष्टी लहान लहान भागांत कापलेल्या आहेत. मासाको नावाची एक म्हातारी योद्धा आहे, तिची एकटीची गोष्टच नऊ भागांची. एक भाग वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो आणि तिथं थांबलात तरी काही अर्धवट राहिल्यासारखं वाटत नाही. बुधवारच्या तासात असे दोन भाग आरामात होतात.

दुसरं, वाट विसरायची भीती नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा नकाशा नाही, बाणांची गर्दी नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जिकडं जायचं तिकडं गवत झुकतं. तीन-चार दिवसांनी चालू केला, कुठं होतो ते आठवेना, तर बोट सरकवा आणि वाऱ्यामागं घोडा सोडा. पिवळा पक्षी दिसला की त्याच्या मागं जा, तो कधी गरम पाण्याच्या झऱ्याशी नेतो. तिथं जिन थोडा वेळ बसला की त्याची ताकद वाढते. कोल्हा दिसला तर तो देवळीपाशी घेऊन जातो. पाच-पाच मिनिटांची कामं ही, पण ज्या रात्री डोकं थकलेलं असतं त्या रात्री एवढंच खेळून समाधान होतं. मला या गेमचं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

लढाई मात्र सुरुवातीला जरा जड जाईल. बिनधास्त ईझीवर ठेवा, नंतर कधीही वाढवता येते. आणि एकदम मोठ्या छावणीवर जाऊ नका. आठवड्याच्या पहिल्या बैठकीत रस्त्यावरच्या दोन-चार मंगोलांशी भिडा, हात बसला की मग छावणी.

विचर 3 पण तुम्ही ऐकला असेल. माझ्याकडं त्याची दोन्ही वाढीव भागांसकट डिस्क आहे, 1,000 ला. लांबीत तो सगळ्यांचा बाप आहे, सगळं खेळलात तर शंभर तासांच्या कितीतरी पुढं जातो. त्याची एक सोय चांगली आहे, गेम लोड होताना आतापर्यंत काय घडलं ते थोडक्यात ऐकवतो. गावातल्या फळ्यावरून राक्षस मारायचं एकेक काम घेता येतं, तेही एका बैठकीचं. पण तलवारी दोन, माणसाला पोलादी आणि राक्षसाला चांदीची, वर तेलं, काढे, मंत्र, आणि पिशवीत शंभर वस्तू. हे सगळं तीन-चार दिवसांनी पुन्हा डोक्यात आणायला वेळ जातो. त्सुशिमा संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घ्या, तेव्हा रोज तास-दीड तास मिळेल. असॅसिन्स क्रीड वलहाला तुम्हाला देणार नाही. साठेक तासांची गोष्ट फार ताणली आहे.

लाइनचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पीएस4 रेस्ट मोडवर ठेवून झोपू नका. लाइन गेली तर रेस्ट मोडमधला गेम तिथंच बंद होतो आणि पुन्हा चालू करताना मशीन आधी आतली हार्ड डिस्क तपासत बसतं. त्सुशिमात आपोआप सेव्ह होतंच, तरी उठताना ऑप्शन्स दाबून स्वतः एकदा सेव्ह करा आणि मशीन पूर्ण बंद करा. गेम लोड व्हायला वेळ लागत नाही, तुमच्या तासातली फारशी मिनिटं वाया जात नाहीत. इंटरनेटही लागत नाही, डिस्क टाका आणि खेळा. मोबाइलचा डेटा अपडेटवर उडवायची गरज नाही.

त्सुशिमाची डिस्क 1,800 ला आहे. जीटीएची तुमची डिस्क आणली तर त्यात 500 कमी करीन, फक्त डब्यासकट आणा आणि मागून ओरखडे नसावेत. ही साधी आवृत्ती आहे, इकी बेटाचा वाढीव भाग यात नाही. तो नसला तरी गोष्ट पुरी होते.

बाजाराच्या दिवशी तुम्ही दारव्ह्याला येताच, तोवर डिस्क बाजूला काढून ठेवतो. दुकानातल्या टीव्हीवर लावून देतो, अर्धा तास खेळून पाहा. वारा पाहून मन बसलं नाही तर रेड डेड घेऊन जा, तोही तेवढ्याच आनंदानं देईन.