विषय: महिन्यातून एक तास, सहा महिने; डिटेलिंग शिकवण्याची विनंती

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मी स्नेहल. साताऱ्यात एका छोट्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत चार वर्षं डिझाइनचं काम करते. फेब्रुवारीत कराडला बीम-कॉलम जॉइंटवर तुमचं व्याख्यान झालं. ते संपल्यावर कोपऱ्यातल्या कॉलमबद्दल प्रश्न विचारायला मी थांबले होते. तुम्ही निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने आधी बीमच्या खालच्या सळ्या काढल्यात, मग जॉइंटमधल्या रिंगा आणि शेवटी वरच्या सळ्या. प्रत्येकाला क्रमांक दिलात. ती पत्रिका माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तो प्रश्न मला का पडला होता, ते त्या दिवशी सांगायचं राहिलं. जानेवारीत आमच्या एका तीन मजली इमारतीचा स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी स्टील तपासायला गेले. कॉलम ३०० बाय ४५०, म्हणजे IS 13920 प्रमाणे कोपऱ्यातल्या जॉइंटमध्ये ७५ मिलिमीटरवर रिंग हवी. प्रत्यक्षात जॉइंटमध्ये एकही रिंग नव्हती. खालच्या रिंगांचे हूकही १३५ ऐवजी ९० अंशांत वळवलेले. मी काम थांबवलं. फिटर शांतपणे म्हणाले, "मॅडम, बीम बसल्यावर रिंग घालायची कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंगवरची टीप मी जुन्या ड्रॉइंगवरून जशीच्या तशी उचलली होती. पुढचे दोन दिवस सगळं उकलून पुन्हा बांधलं गेलं, पण मार्ग काढला तो फिटरनी, मी नाही. कोड मला पाठ होता, पण ती सळी माणसाच्या हातून तिथे कशी जाणार याचा मी विचारच केला नव्हता.

माझं आजोळ पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या पहाटेबद्दल आजी बोलायची, ते भिंतींबद्दलच असायचं. त्याच भागात आता आरसीसीची घरं उभी राहताहेत आणि त्यातल्या काहींची ड्रॉइंग माझ्या हातून जातात. म्हणून ही विनंती करते आहे: सहा महिने तुम्ही माझे मार्गदर्शक व्हाल का?

मला मुख्यतः डिटेलिंगच शिकायचं आहे. ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी तुम्ही ते कोणत्या क्रमाने वाचता, कुठे थांबता, जॉइंटमध्ये सळ्यांची गर्दी होणार हे कागदावरच कसं ओळखता. चार बैठका यालाच द्याव्यात असं वाटतं. एका बैठकीत ETABS चं उत्तर हाताने कसं पडताळायचं ते हवं आहे, कारण आकडा चुकीचा असला तरी मला तो अजून दिसताक्षणी खटकत नाही. आणि एक बैठक काळ्या मातीतल्या इमारतींच्या पायासाठी: माती फुगणारी आहे हे रिपोर्टमध्ये असतं, मालकाला खर्च वाचवायचा असतो, अशा वेळी तुम्ही काय ठरवता आणि त्यांच्याशी कसं बोलता.

वेळ महिन्यातून एक तास, जुलै ते डिसेंबर, दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. तुम्ही शनिवार-रविवार कराडला असता असं व्याख्यानात म्हणाला होतात, म्हणून हा वार सुचवला. मी तिथे येईन. दुसरी वेळ सोयीची असेल तर तीच माझी. प्रत्येक वेळी चार दिवस आधी एक ड्रॉइंग आणि माझे प्रश्न, मिळून दोनच पानं पाठवीन. ठरलेलं काम माझ्याकडून झालं नसेल तर बैठक मीच पुढे ढकलीन, तुमचा तास वाया घालवणार नाही. मधल्या काळात फोन किंवा व्हॉट्सॲपवर शंका विचारणार नाही.

माझ्या सरांना हे माहीत आहे आणि मालकाचं नाव काढून ड्रॉइंग दाखवायला त्यांची परवानगी आहे. त्या ड्रॉइंगची जबाबदारी आमचीच राहील. तुमची सही, शिफारस किंवा नोकरीसाठी शब्द, यांतलं काही मी मागणार नाही. मानधनाबद्दल तुमची काही पद्धत असेल तर निःसंकोच सांगा.

सहा महिने जास्त वाटत असतील तर जुलैमधली एकच बैठकही मला खूप आहे. आणि सध्या जमणार नसेल तर "जमत नाही" एवढंच कळवा, कारण सांगायची गरज नाही.

सोबत त्या संध्याकाळी काढलेला जॉइंटचा फोटो आणि नंतर मी नव्याने काढलेलं डिटेल जोडलं आहे. नव्या डिटेलमध्ये वरच्या सळ्यांचा हूक अजूनही रिंगेला अडतोय असं मला वाटतं. होकार दिलात तर पहिला प्रश्न हाच असेल.

आपली नम्र,
स्नेहल
सातारा