देवास पत्र

देवा,

रात्रीचे पावणेदोन झालेत. उद्या सकाळी सेमिनार आहे आणि स्लाइड्स अर्ध्याच झाल्यात, पण त्याबद्दल मागणं नाही. त्या मी करेन. मघाशी हात जोडून बसले तर शब्दच सुटेनात, म्हणून लिहायला घेतलं. लिहिताना निदान आपली भाषा तरी जवळ असते. आज दिवसभरात, फोन सोडला तर, ती तोंडून एकदाच निघाली, जिन्यात ठेच लागली तेव्हा. "आई गं!" मागून येणाऱ्या मुलीनं विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही.

गेल्या आठवड्यात इथली घड्याळं एक तास मागे घेतली. हिवाळ्याच्या तोंडावर घेतात. वर्गातले सगळे खूश, तासभर जास्त झोप मिळाली म्हणून. माझं घर मात्र एका तासानं आणखी लांब गेलं. आता मी प्रयोगशाळेतून बाहेर पडते तोवर तिकडे दिवे मालवलेले असतात. आणि दुपारी साडेचारलाच अंधार! तूच केलेला आहेस हा सूर्य, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

परवा अभ्यास सोडून भलतंच वाचत बसले होते. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घराच्या ओढीच्या या दुखण्यावर चक्क प्रबंध लिहिला. ग्रीकमधला 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून त्याला नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. म्हणजे हा शब्द जन्मला तो रोगाचं नाव म्हणून. आणि खात्रीचा उपाय काय, तर रोग्याला घरी पाठवा. मी एकटीच खोलीत हसले. मग बराच वेळ रडले. तुला माहीतच आहे.

पण मला घरी पाठव, असं मी म्हणत नाहीये. पहिले दोन महिने रोज म्हणत होते. तू ऐकलं नाहीस ते बरंच केलंस. हे शिक्षण मला हवं आहे. त्यासाठी बाबांनी काय काय मोडलं, कुणापुढे हात पसरला, त्याचा हिशेब तुझ्याकडे असेलच.

मागणं वेगळंच आहे. आधी कबुली देते.

मी आईशी खोटं बोलते. रोज. "मजेत आहे गं" हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की ती विचारायच्या आतच तोंडातून निसटतं. मागच्या महिन्यात चार दिवस तापानं फणफणले होते, तेव्हा तिला सांगितलं की परीक्षा आहे, फोन करू नकोस. कॅमेरा बंद ठेवून बोलायचे. वाटायचं, आपल्याला किती छान जमतंय.

आज मावसभावाच्या बोलण्यातून निसटलं की बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. मनगट मोडलंय. तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये आहे. तीन आठवडे, देवा! आणि या तीन आठवड्यांत मी त्यांच्याशी पाच-सहा वेळा तरी बोलले. आई फोन असा धरायची की फक्त त्यांचा चेहरा दिसावा. मी म्हणायचे, अगं जरा लांब धर ना, नुसतं नाकच दिसतंय. त्यावर दोघंही हसायची.

राग आला मला. आणि मग कळेना की रागवायचं कुठल्या तोंडानं. त्यांनी हात लपवला, मी ताप लपवला. रोज बोलतो आणि एकमेकांना काहीच सांगत नाही.

म्हणून मागते. बाबांचा हात नीट सांधू दे. रात्री ठणका लागला तर त्यांना झोप दे. आईला त्यांचं उठणं-बसणं एकटीनं करावं लागतंय, तिची पाठ सांभाळ. आणि मला धीर दे, पण गप्प राहून सोसायचा नको, तो भरपूर झाला. सांगायचा दे. "आई, मला करमत नाहीये" एवढं एकच वाक्य, न रडता. रडले तरी चालेल, पण फोन ठेवून देऊ नये एवढं बघ.

आणखी एक. मध्ये एकदा अख्खा दिवस गेला आणि घराची आठवणच आली नाही. झोपताना लक्षात आलं आणि काळजात धस्स झालं, काहीतरी चोरल्यासारखं. हे दुखणं कमी कर, पण पार पुसून टाकू नकोस. जरा ठेव. किती, ते तू ठरव.

तिकडे आता उजाडत असेल. आई उठली असेल. या वेळी मी कधीच फोन करत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ती घाबरणार. तेवढं तिला सावर.

लावते आता.

तुझीच