डीआरसी-01 नोटिशीस उत्तर : आर्थिक वर्ष 2021-22

दिनांक : 17 ऑक्टोबर 2025

प्रति,
राज्यकर उपायुक्त, कोल्हापूर

विषय : कलम 73 खालील दि. 24 सप्टेंबर 2025 ची नोटीस

महोदय,

आम्ही हार्डवेअर व प्लंबिंग मालाचे घाऊक विक्रेते आहोत. जीएसटीआर-3बी मध्ये 18,64,320 रु. आयटीसी घेतले आणि 2ए मध्ये 15,22,080 रु. दिसते, म्हणून 3,42,240 रु. कर, 2,11,476 रु. व्याज व 34,224 रु. दंड आपण मागितला आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत; पण सगळा फरक म्हणजे जादा आयटीसी, हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. बिलवार ताळमेळ सोबत जोडला आहे.

1,38,600 रु. मार्च 2021 च्या बिलांचे आहेत. माल एप्रिलमध्ये मिळाला, क्रेडिट एप्रिलच्या 3बीत, म्हणजे कलम 16(4) च्या मुदतीत घेतले. ही बिले 2020-21 च्या 2ए मध्ये आहेत.

41,400 रु. हा नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्टरच्या भाड्यावर आम्ही आरसीएमखाली रोखीने भरलेला कर आहे. तो 2ए मध्ये येतच नाही. सेल्फ इन्व्हॉइस व चलने जोडली आहेत.

54,000 रु. एप्रिल ते डिसेंबर 2021 मधील. पुरवठादाराने आमची बिले बी2सी मध्ये दाखवली. परिपत्रक 193/05/2023 नुसार त्याचे प्रमाणपत्र जोडले आहे. महिनावार तक्त्यात कोठेही 105 टक्क्यांची मर्यादा ओलांडलेली नाही.

36,000 रु. एकच बिल दोनदा नोंदले गेल्यामुळे आले. ते मान्य असून 26,932 रु. व्याजासह 15 ऑक्टोबरला भरले.

खरा वाद उरलेल्या 72,240 रुपयांचा आहे. त्याच पुरवठादाराची जानेवारी व फेब्रुवारी 2022 ची बिले याच प्रकारे बी2सी मध्ये गेली. 1 जानेवारी 2022 पासून कलम 16(2)(एए) लागू असल्याने वरील परिपत्रक येथे चालत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु माल आला, बँकेतून पैसे गेले, कर शासनजमा झाला. महसुलाचे नुकसान नसताना जीएसटीआर-1 मधील अनवधानाची चूक दुरुस्त करू द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्टार इंजिनिअर्स प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये म्हटले आहे. त्याच चुकीसाठी खरेदीदाराने दुसऱ्यांदा कर का भरावा?

तरीही ही रक्कम 46,491 रु. व्याजासह 15 ऑक्टोबरलाच वेगळ्या डीआरसी-03 ने भरली आहे. 18 टक्के व्याज चालू ठेवून वाद लढवणे आम्हाला परवडत नाही, आणि नोटिशीपासून 30 दिवसांत कर व व्याज भरल्यास कलम 73(8) नुसार दंड लागत नाही. कारणाच्या रकान्यात ‘निषेधासह भरणा, दायित्व अमान्य’ असे नमूद केले आहे. हा भरणा कबुली समजून प्रकरण बंद करू नये. अपील व परताव्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो; त्यासाठी या रकमेवर सकारण आदेश द्यावा.

2,34,000 रुपयांची मागणी व त्यावरील व्याज रद्द करावे, दंड लावू नये. विरुद्ध निर्णय घेण्यापूर्वी कलम 75(4) नुसार प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.

आपला विश्वासू,
भागीदार
(नोटिशीत नमूद जीएसटीआयएनधारक भागीदारी संस्थेकरिता)

सोबत : ताळमेळ तक्ता, बिले, बँक उतारे, पुरवठादाराचे प्रमाणपत्र, दोन्ही डीआरसी-03