मिनिट-टू-मिनिट: संत्रा बागायतदार परिषद, शनिवार १० जानेवारी २०२६

स्थळ: छत्रपती चौकाजवळचं सभागृह, वर्धा रोड, नागपूर. खुर्च्या ४२०, अपेक्षित हजेरी ३६० ते ३८०.
वॉकीटॉकी: चॅनल ३ मंच आणि साऊंड, चॅनल ५ दार, नोंदणी, जेवण.

दिवसभरात दोनच वेळा हलणार नाहीत: जेवण १:१५ आणि समारोप ५:१५. सकाळी उशीर झाला तर सत्कार आणि प्रास्ताविक कापायचं. खुलं चर्चासत्र कापायचं नाही. काटोल-वरुडकडचे बागायतदार खरे त्याच्यासाठीच येतात. वेळेचा अंतिम निर्णय मंचप्रमुखांचा. सूत्रसंचालकांनी वेळेबाबत फक्त त्यांचं ऐकावं, पाहुण्यांच्या स्वीय सहायकांचं नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

दु. ३:०० दिल्लीचे वक्ते (सत्र ४) विमानतळावर. त्यांना आदल्या दिवशीच बोलावलंय, कारण जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन् तास अडकतात. विमान रद्द झालं तर गुरुवारी मागवून ठेवलेलं ३५ मिनिटांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि प्रश्नोत्तरं फोनवर घ्यायची. फोनची लाइन मिक्सरला जोडून आजच तपासा. फोन माइकसमोर धरला तर मागच्या रांगांना काही कळत नाही.

सायं. ५:०० सर्व सादरीकरणं तांत्रिक टेबलावर. पीपीटीसोबत पीडीएफ प्रत सक्तीची. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. व्हिडिओ वेगळ्या फाइलमध्ये घ्या.

सायं. ६:०० मंडपवाला: मंच २४ × १६ फूट, उंची ३ फूट, दोन्ही बाजूंना पायऱ्या, एका बाजूला रॅम्प.
रा. ८:०० एलईडी वॉल (पी-३, १२ × ८ फूट) आणि साऊंड. मंच पूर्ण होण्याआधी यांना आत घेऊ नका. सुतार आणि केबलवाले एकमेकांच्या पायात येतात.
रा. ९:३० जनसेट, ६२.५ केव्हीए, मागच्या गेटने. यावर वॉल, साऊंड, मंचाचे दिवे आणि दाराचे दिवे, एसी नाही. टाकी भरलेली आणि वर ४० लिटर डिझेल. रात्रीच एकदा मेन बंद करून बदल तपासा. वीज १० ते १५ सेकंदांत परत येते, पण तेवढ्यात वॉलचा प्रोसेसर आणि मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं खातात. म्हणून हे दोन्ही आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेत.

शनिवार, १० जानेवारी

६:०० सभागृह उघडणं. वरुड आणि काटोलहून बस सुटल्याचा फोन नोंदणीप्रमुखांना.
६:१५ केटरर मागच्या दाराने. तर्री-पोहे ३८० प्लेट, जाड पोहे २६ किलो. तर्री वेगळ्या भांड्यात, फिकी प्लेट मागणारे निघतातच.
६:४५ पाण्याचे जार: २० लिटरचे ३०. वीस आता, दहा १२ वाजता.
७:३० साऊंड चेक. हातातले कॉर्डलेस ४, कॉलर माइक २, व्यासपीठावर वायरचा १. वायरचा माइक दिवसभर चालूच ठेवायचा. कॉर्डलेस दगा देतो तेव्हा तोच वाचवतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे सेल बदला, उरलेले किती हे बघत बसू नका.
८:३० नोंदणी सुरू, टेबलं ४, तालुक्यानुसार. आडनावानुसार लावली तर एका बसचे लोक चार रांगांत विखुरतात. नोंदणी ॲप अडकलं तर छापील यादी, दोन प्रती. नाश्ता ९:४५ ला बंद.

१०:०० उद्घाटन, २५ मिनिटं. प्रमुख पाहुणे रवी भवनातून ९:२० ला निघतील. राहाटे कॉलनी चौक धरून अर्धा तास. समईच्या वाती आदल्या रात्रीच तेलात भिजवलेल्या, सोबत मेणबत्ती आणि गॅस लायटर. ९:५५ ला मंचावरचे दोन एसी बंद, नाहीतर ज्योत टिकत नाही. सत्कार एकत्रित: संत्र्याचं कलम प्रत्येकी एक. शाल-श्रीफळ धरलं तर सहा पाहुण्यांना बारा मिनिटं जातात.

*पाहुणे १०:१० पर्यंत आले नाहीत तर* थांबायचं नाही. सत्र १ सुरू करायचं, दीपप्रज्वलन चहानंतर १२:०० ला. त्यांचं भाषण दहा मिनिटं, आणि ती दहा मिनिटं सत्र २ च्या प्रश्नोत्तरांतून. ही व्यवस्था त्यांच्या कार्यालयाला शुक्रवारीच कळवलेली असेल.

१०:३० सत्र १: डिंक्या आणि मूळकूज. ७० मिनिटं, त्यात २० मिनिटं बोर्डो मलम करण्याचं प्रात्यक्षिक. साहित्य: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, प्लॅस्टिकच्या बादल्या ३, लाकडी काठी, हातमोजे, लोखंडी खिळा. मोरचूद रात्रीच ५ लिटर पाण्यात भिजवा, मंचावर विरघळायला वेळ नसतो. धातूची बादली चालणार नाही, मोरचूद ती खातो. चुना सत्रातच, वक्ते स्वतः विझवतील. तो उकळून उडतो, म्हणून पहिली रांग रिकामी. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, म्हणून अर्धा किलो चुना राखीव. मंचावर १० × १० फुटांचं ताडपत्रीचं आच्छादन टाका. कार्पेटवरचा निळा डाग निघत नाही आणि अनामत कापली जाते.

११:४० चहा. बादल्या, ताडपत्री पाच मिनिटांत बाहेर, मंच पुसून कोरडा.
१२:०० सत्र २: आंबिया बहाराचा ताण, पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं. ७५ मिनिटं.

१:१५ जेवण. दोन काउंटर, दोन्ही बाजूंनी चार रांगा. मिनिटाला वीस ताटं धरली तर वीस मिनिटांत सगळे बसतात. पाटवडी रस्सा, वांग्याचं भरीत, पोळी, वरण-भात, संत्रा बर्फी. बसचालक, साऊंडवाले, पोलीस यांची ४० ताटं वेगळी, १२:४५ ला. पोळ्या कमी पडल्या तर भात वाढवा. केटररला १५ किलो जास्तीचा तांदूळ सांगितलाय.

२:१५ सत्र ३: तोडणी, प्रतवारी, मेणाचा लेप. जेवणानंतरची सुस्ती असते, म्हणून दिवे पूर्ण आणि क्रेटमधली फळं हातात फिरवायची. क्रेट १:४५ ला मंचामागे.
३:०० खुलं चर्चासत्र, ५० मिनिटं. दोन माइक मधल्या वाटेत, स्वयंसेवकाच्या हातात. माइक सोडला की परत येत नाही आणि एका प्रश्नाचं भाषण होतं.
३:५० चहा.
४:१० सत्र ४: निर्यात आणि बाजार.
५:१५ समारोप, आभार चार मिनिटं, राष्ट्रगीत. ध्वनिफीत दोन ठिकाणी: लॅपटॉप आणि साऊंडवाल्याचा पेनड्राइव्ह.
५:३० वरुडची बस आधी, मग काटोल. वरुडचा रस्ता लांबचा आहे.

*आणखी काही अडलं तर:* वॉल बंद पडली तर मागच्या खोलीतला प्रोजेक्टर आणि ८ फुटी पडदा, लावायला सात मिनिटं. तोवर वक्त्यांनी स्लाइडशिवाय बोलावं. एसी बंद पडले तर सगळी बाजूची दारं उघडा, जानेवारीत निभावतं. कुणाला चक्कर आली तर मागच्या दाराशी डॉक्टर आणि गाडी ९ ते ५:३०. त्या दारासमोर केटररचा टेम्पो लागता कामा नये.

६:०० मोडतोड: आधी वॉल, मग साऊंड, शेवटी मंच. रविवारी सकाळी तिथे दुसरा कार्यक्रम आहे, त्यामुळे आजच रा. ८:०० ला सभागृह रिकामं. उरलेलं बोर्डो मलम नालीत ओतू नका, झाकण लावून वक्त्यांच्या गाडीत. जनसेटचे तास आणि डिझेलची पातळी मालकासमोर लिहून सही घ्या, मगच उरलेलं बिल.