शाळेत शॉर्ट फिल्म शूट करायला परवानगी मिळण्याबाबत

आदरणीय मुख्याध्यापक सर,

आम्ही नववी बचे ८ जण मिळून ७-८ मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय, गोष्ट अशी की लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात चिठ्ठी सापडते आणि ती लिहिणाऱ्याला शोधत मुलं अख्खी शाळा पालथी घालतात, त्यामुळे शूटिंग शाळेतच व्हायला हवं, बाहेर कुठे ती मजा येणार नाही.

तास बुडवणार नाही सर. पुढचे दोन शनिवार शाळा सुटल्यावर १२ ते ३ चालेल का? पहिल्या शनिवारी लायब्ररी आणि जिना, दुसऱ्या शनिवारी मैदान, आणि एक सीन रिकाम्या वर्गातला आहे, त्याला सकाळचं तिरपं ऊन लागतं म्हणून एखाद्या रविवारी ७ ते ९ गेट उघडून मिळालं तर फारच बरं होईल.

कॅमेरा म्हणजे मोबाईलच, ट्रायपॉड आमचा. मराठीच्या मॅडम थांबायला तयार आहेत, आईबाबांच्या सह्यांची पत्रं सोबत जोडलीत. दुसरं कोणी फ्रेममध्ये येणार नाही हे बघू, बाकं होती तशी लावून ठेवू. एडिट झाली की आधी तुम्हालाच दाखवू, तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुठेही टाकणार नाही.

तारखांत बदल हवा असेल तर सांगा, फक्त सहामाहीच्या आधी उरकायचंय.

तुमचे विद्यार्थी,
नववी ब, फिल्मची टीम