साई किराणा, वैराग

दुसरा शनिवार होता. संक्रांत तीन दिवसांवर आलेली आणि वैरागच्या दुकानात तीळ कालच संपलेला. सुनंदा सकाळच्या एस.टी.ने बार्शीला आली आणि थेट शेटच्या गाळ्यावर गेली. पंधरा किलो तीळ, गुळाच्या चार भेल्या, थोडा हलवा, वाणाच्या डब्या असा माल टेम्पोत टाकायचा आणि परत फिरायचं, एवढाच बेत.

शेटनं चहा मागवला नाही, तेव्हाच तिला काहीतरी खटकलं.

"वहिनी, आधीचं बघू या का?" शेट म्हणाला आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या पूजाकडे हात केला. पूजानं छापील उतारा पुढं सरकवला. साई किराणा, वैराग. बाकी १८,६४०.

"ही कसली बाकी?"

"दिवाळीच्या मालाची. तेलाचे चार डबे, साखरेचं पोतं, मैदा, रवा, हरभरा डाळ. बिल आहे की तुमच्याकडं."

"बिल आहे आणि पैसेबी दिलेत. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात. आमच्या अक्षयनं फोनवरनं टाकले."

"आमच्याकडं जमा नाही."

दोघांचा व्यवहार तिच्या सासऱ्यांपासूनचा. पण गेल्या सप्टेंबरात सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, डब्याचा भाव भडकला, आणि शेटचा हात आखडला. आधी महिनाभर थांबणारा माणूस आता पंधरा दिवसांत फोन करायचा. त्यात गल्ल्यावरचे म्हातारे दिवाणजी दिवाळीनंतर घरी बसले. त्यांच्या जागी आलेल्या पूजानं डिसेंबरअखेर सगळ्या खात्यांचे उतारे काढले, आणि त्यात ही बाकी वर आली.

"अक्षयला फोन लावा. मोबाइलमधली हिस्ट्री दाखवू दे," शेट म्हणाला.

तिथंच गोची होती. अक्षय पुण्यात कंपनीत लागला होता. जुनं सिम बंद, फोन नवा, पैसे पाठवायचं ॲपही वेगळं. फर्स्ट शिफ्टला फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणजे साडेतीनपर्यंत तो मिळणार नाही. पासबुक छापून आणावं, तर दुसरा शनिवार, बँक बंद.

"मग सोमवारी येऊ द्या मिटवून. माल सोमवारी भरू."

सोमवारी भोगी, मंगळवारी संक्रांत. सोमवारी दुपारी माल वैरागला पोचला तर तो विकायचा कुणाला? शेटला हे तिच्याइतकंच ठाऊक होतं.

"थांबा जरा," सुनंदा म्हणाली आणि पिशवीतून फोन काढला.

तिच्या व्हॉट्सॲपवर 'तार' नावाचा एक ग्रुप होता. मेंबर ती एकटीच. तिचे सासरे प्रत्येक पावती गल्ल्यामागच्या लोखंडी तारेत ओवून ठेवायचे. वरची काढायची तर अख्खी तार हलायची. पावत्या फोनवर यायला लागल्यावर तिनं अक्षयला दम भरला होता, की पैसे टाकलेस की फोटो मला पाठवायचा, नुसतं 'टाकले' म्हणायचं नाही. आलेला स्क्रीनशॉट ती 'तार'मध्ये टाकायची आणि खाली बिलाचा फोटो जोडायची. अक्षय हसायचा. नवराही हसायचा, त्याचा जीव रानातल्या सोयाबीनमध्ये, दुकानात तो पुडी बांधायलासुद्धा यायचा नाही.

दूधवाल्याचे, बिस्किटवाल्याचे, लाइटबिलाचे स्क्रीनशॉट ओलांडत तिचं बोट ऑक्टोबरपर्यंत गेलं. हिरवी टिकली. १८,६४० रुपये. २५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९ वाजून १२ मिनिटं. खाली शेटच्या फर्मचं नाव. त्याच्या खाली बिलाचा फोटो, कोपऱ्यात तिच्याच अक्षरात 'दिले'.

शेटनं चष्मा वर सरकवून पाहिलं. "वहिनी, राग मानू नका. पण स्क्रीनशॉट आजकाल कुणीबी बनवतंय. खोटी ॲपं निघालीत. मागच्या महिन्यात शेजारच्या गाळ्याला असाच चुना लागला."

सुनंदाचे कान तापले. "म्हणजे मी घरी बसून फोटो रंगवला?"

"तुमचं नाही म्हणत हो..."

"मग इथं दुसरं कोण उभंय?"

हमाल पोतं तसंच पाठीवर ठेवून थांबला. शेटनं त्याच्याकडं डोळे वटारले, तसा तो पुढं सरकला.

"ताई, तो फोटो जरा मोठा करा," पूजा पहिल्यांदाच बोलली. "खाली यूटीआर आहे. तो वाचा."

सुनंदानं बोटांनी फोटो ताणला. बारा आकडे. "चार, दोन, नऊ, नऊ..."

"तारीख तर बरोबर बसतेय," पूजा पुटपुटली. "पहिला आकडा सालाचा, चोवीसचा चार. पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. दोनशे नव्व्याण्णवावा दिवस २५ ऑक्टोबरच येतो." शेट तिच्याकडं बघतच राहिला. बी.कॉम.ची पोरगी महिन्याभरात एवढं बोलली नव्हती. "पण त्यावर नको जायला. पैसे खरंच आले असतील तर हाच नंबर आपल्या बँकेच्या स्टेटमेंटला पाहिजे. पुढचे सांगा."

तिनं ऑक्टोबरचं स्टेटमेंट उघडलं आणि आकडे टाकले. एकच ओळ पिवळी झाली. १८,६४० जमा. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षयचं नाव. दुकानाचं नाव कुठंच नाही. खातं त्याचं, तर नाव त्याचंच येणार.

"आलेत," पूजा म्हणाली.

"आलेत तर गेले कुठं?" शेट खुर्चीतून उठून तिच्या मागं आला.

पूजानं त्या दिवसाच्या जमा नोंदी काढल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. साई किराणा, पांगरी.

मग सगळा उलगडा झाला. दिवाळीची गर्दी. दिवाणजींनी कुणाला तरी विचारलं असणार, हा अक्षय कोण. कुणीतरी साई किराणा म्हणून सांगितलं असणार. कॉम्प्युटरमध्ये साई किराणा टाइप केलं की दोन नावं येतात, वर पांगरी, खाली वैराग. दिवाणजींनी वरच्यावर एंटर मारलं.

शेट काही क्षण गप्प राहिला. मग पोऱ्याला ओरडला, "अरे चहा सांग की! वहिनी कधीच्या उभ्या आहेत."

"चहा राहू द्या. पांगरीला फोन लावा. माझ्यासमोर."

शेटनं लावला आणि नाइलाजानं स्पीकरवर टाकला. पांगरीचे बापू आधी तब्येत, पाऊसपाणी, कांद्याचा भाव असं सगळं बोलून घेणारे. शेटनं मधेच तोडलं. "बापू, दिवाळीत तुमच्या खात्यावर अठरा हजार सहाशे चाळीस जादा जमा दिसतायत. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

पलीकडं शांतता. मग बापू म्हणाले, "आलं होतं की. मला वाटलं, कंपनीची स्कीम असंल."

"चार डबे तेलावर अठरा हजारांची स्कीम?"

"मी म्हणलं, शेट एवढं देतायत तर कशाला विचारून त्यांना लाजवा."

सुनंदाला हसू आवरेना. हमालही हसला. शेटनं घाईघाईनं स्पीकर बंद केला आणि कोपऱ्यात जाऊन बापूंना हळू आवाजात बरंच काही सुनावलं.

तोवर पूजानं नोंद फिरवून नवा उतारा छापला. बाकी शून्य. सुनंदानं त्यावर शेटची सही घेतली आणि शिक्काही मारायला लावला.

"तीळ पंधरा किलो ना?" शेट परत येत म्हणाला. "टेम्पोभाडं माझ्याकडं."

"वीस करा. आणि भेल्या सहा."

पूजानं बिल करायला घेतलं आणि सवयीनं विचारलं, "रोख की उधार?"

शेटनं तिच्याकडं असं पाहिलं की ती खाली मान घालून टाइप करायला लागली.

"उधार लिही," सुनंदा म्हणाली. "आणि पोरी, वैराग नीट बघून दाब."