चि. मृण्मयीस: शैक्षणिक कर्जाच्या व्याजाविषयी

हनुमाननगर, नागपूर
रविवार, 1 फेब्रुवारी 2026

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर विचारलेस, की बँकेने आतापर्यंत कॉलेजला फक्त साडेचार लाख रुपये दिलेले असताना कर्जखात्याच्या उताऱ्यावर 5,17,500 रुपये बाकी कशी दिसते, आणि एकही हप्ता चुकलेला नसताना ती वाढली कशी. तुझ्या आवाजात घाबरल्याचे जाणवत होते, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले. इतवारीच्या आडत दुकानात तेवीस वर्षे वह्या लिहिल्यामुळे हा हिशेब मला कागदावर मांडल्याशिवाय सांगताही येत नाही.

उतारा बरोबर आहे. आपल्याला मंजूर झालेले कर्ज सहा लाखांचे असून ते दरवर्षी ऑगस्टमध्ये दीड लाख याप्रमाणे कॉलेजकडे जाते. 2023, 2024 आणि 2025 चे टप्पे गेले, शेवटचा या ऑगस्टमध्ये जाईल. शिक्षणाचा संपूर्ण काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष, म्हणजे जुलै 2028 पर्यंत, आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. यालाच बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. ही सवलत हप्त्यापुरती आहे; प्रत्येक टप्प्याचे पैसे ज्या दिवशी कॉलेजच्या खात्यात पोहोचले, त्याच दिवसापासून त्यांच्यावर व्याज धावू लागले. आपला दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असल्याने गेल्या वर्षी तो थोडा खाली आला, तरी सोयीसाठी मी सगळीकडे 10 टक्के धरतो. पहिल्या दीड लाखावर अडीच वर्षांचे 37,500, दुसऱ्यावर दीड वर्षाचे 22,500 आणि तिसऱ्यावर सहा महिन्यांचे 7,500, असे मिळून 67,500 रुपये होतात. आज तुझ्या खात्यावर दिवसाला सुमारे 123 रुपये व्याज चढते आहे, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा.

हेच पुढे चालू राहिले तर काय होईल ते आता पाहा. चारही टप्प्यांचे व्याज अनुक्रमे पाच, चार, तीन आणि दोन वर्षांचे धरले, तर 75,000, 60,000, 45,000 आणि 30,000, म्हणजे एकूण 2,10,000 रुपये होते. ऑगस्ट 2028 मध्ये बँक ही रक्कम मुद्दलात मिळवील आणि 8,10,000 रुपयांवर हप्ता बांधील. दहा वर्षांची मुदत घेतली तर तो 10,704 रुपयांचा येतो. नुसत्या सहा लाखांवर तो 7,929 रुपयांचा आला असता. दरमहाचा 2,775 रुपयांचा हा फरक 120 महिने भरला की 3,33,000 रुपये होतात. म्हणजे आज न भरलेल्या 2,10,000 रुपयांच्या व्याजावर आपण पुढे आणखी सव्वा लाखाच्या आसपास व्याज देणार आहोत.

यातली एक बारकाई मात्र नीट समजून घे, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या मंजुरीपत्रात मोरॅटोरियमच्या काळात सरळ व्याज आकारले जाईल असे लिहिले आहे. साचलेल्या व्याजावर जुलै 2028 पर्यंत पुन्हा व्याज लागत नाही. ते मुद्दलात मिसळले की मगच लागू लागते. काही ठिकाणी दर महिन्याला चक्रवाढ होते. तसे आपल्याकडे असते, तर 2,10,000 च्या जागी सुमारे 2,55,000 रुपये झाले असते. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी दुसरीकडून कर्ज घेतले असेल, तर तिला हे एक वाक्य आपल्या कागदात शोधायला सांग.

फोनवर मी तुला म्हणालो होतो, की या महिन्यापासून दोन हजार रुपये व्याजापोटी बँकेत भरतो. नंतर वही घेऊन बसलो तेव्हा माझी चूक लक्षात आली. भरलेली रक्कम बँक आधी व्याजात जमा करते आणि आपल्या व्याजावर अजून व्याज लागत नाही; तेव्हा दोन हजार आज भरले काय किंवा जुलै 2028 मध्ये भरले काय, तिथल्या हिशेबात काहीच फरक पडत नाही. पहिल्या दिवसापासून सगळे व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सूट देतात. ती वेळ आपली निघून गेली, आणि 2023 साली तुझ्या आईचे शिलाईचे उत्पन्न धरून आपण साडेचार लाखांच्या थोडे वर गेल्याने केंद्राच्या व्याज अनुदानातही बसलो नाही. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला घेऊन परतताना तुझी आई वाटभर त्या मशीनवर राग काढत होती. मी नव्या करप्रणालीत असल्यामुळे कलम 80ई ची वजावटही मला उपयोगाची नाही.

म्हणून असे ठरवले आहे, की दरमहा दोन हजारांची तीस महिन्यांची आरडी उघडायची आणि ती मोडून हप्ता बांधला जाण्याच्या आधी साठ हजार रुपये कर्जखात्यात भरायचे. सहा टक्के दर मिळाला तर वर साडेचार-पाच हजार व्याजही सुटेल. फक्त साठ हजार धरले तरी 8,10,000 च्या जागी 7,50,000 वर हप्ता बांधला जाईल, तो 9,911 रुपयांचा होईल आणि दहा वर्षांत सुमारे 95,000 रुपये कमी भरावे लागतील. यात धोका एकच, आणि तो माझाच आहे: हाताशी असलेला पैसा घरात काही अडले की खर्च होतो. म्हणून ही आरडी तुझ्या आणि माझ्या संयुक्त नावाने, दोघांच्या सह्यांशिवाय मोडता येणार नाही अशी उघडणार आहे.

शेवटच्या वर्षाबद्दलही सांगून ठेवतो. जुलै 2027 मध्ये तुझे शिक्षण संपेल. त्यानंतरचे सवलतीचे वर्ष नोकरी शोधण्यासाठी आहे. पण त्या एकाच वर्षात पूर्ण सहा लाखांवर 60,000 रुपये व्याज चढते, जवळपास आजवर तीन टप्प्यांवर मिळून चढले तेवढेच. नोकरी लवकर लागली तर वर्ष संपायची वाट न पाहता हप्ते सुरू करण्याचा अर्ज आपण करू. नाही लागली तरी ते वर्ष आपल्या हक्काचे आहे, आणि व्याजाच्या भीतीने मिळेल ती नोकरी तू धरावीस असे मला मुळीच वाटत नाही.

तुझ्याकडून दोन कामे हवी आहेत. या कर्जाची मुख्य कर्जदार तू आहेस, मी सहकर्जदार आहे, त्यामुळे बँकेला ईमेल तुझ्या नावाने जायला हवा. व्याज मुद्दलात नेमक्या कोणत्या तारखेला मिळवले जाईल आणि त्याआधी किती दिवस पैसे जमा झालेले असले पाहिजेत, हे त्यांच्याकडून लेखी मागून घे. आणि मंजुरीपत्राच्या तिसऱ्या पानाचा फोटो मला पाठव; घरच्या प्रतीवर ते पान झेरॉक्समध्ये पुसट आले आहे. आरडीचा अर्ज मी भरून ठेवला आहे, त्यावर तुझी सही याच महिन्यात घेऊ.

तुझा,
बाबा